रेटिनॉल बंद केलं तरी ते परत परत येतंच: प्रेग्नन्सीत आणि अंगावर पाजताना पिंपल्स, वांग आणि अँटी एजिंगच्या क्रीम कशा तपासायच्या

दिवस गेल्याचं कळलं की बहुतेक जणी पहिलं काम करतात ते म्हणजे रेटिनॉलची बाटली बाजूला ठेवणं. ते बरोबरच आहे. पण दोन-तीन आठवड्यांनी हनुवटीवर मोठे दुखरे पिंपल्स येतात, गालावर वांग दिसायला लागतं, मग कुणीतरी सांगतं म्हणून एक नवीन जेल आणलं जातं, घरात पडलेली डागांची जुनी ट्यूब परत निघते, आणि जे बंद केलं होतं तेच दुसऱ्या नावाने चेहऱ्यावर परत येतं. मी फार्मसिस्ट आहे आणि हा प्रकार मी इतक्या वेळा बघितलाय की आता सविस्तर लिहूनच काढते. गडबड होते कारण आपण बाटली बंद करतो, घटक बंद करत नाही.

एक आधीच सांगते. हे वाचता वाचता कुणाला कळलं की अरे मी तर गेले दोन महिने हेच लावत होते, तर घाबरून जाऊ नका. चेहऱ्यावर लावलेल्या क्रीममधून रक्तात फार थोडं जातं, आणि नकळत रेटिनॉइड, म्हणजे रेटिनॉलच्या, व्हिटॅमिन ए च्या कुटुंबातली क्रीम लावलेल्या बायकांच्या अभ्यासांमध्ये बाळात व्यंग येण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं दिसलेलं नाही. आज बंद करायचं, पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सांगायचं, झालं. पोटात घेतलेल्या गोळ्यांचं मात्र तसं नाही, तिथे पुढच्या व्हिजिटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

म्हणूनच तपासणीची सुरुवात चेहऱ्यापासून नाही, गोळ्यांच्या डब्यापासून करायची.

आधी पोटात काय जातंय ते बघा

सगळ्यात वरचा नंबर आयसोट्रेटिनॉइनचा. जुनाट, खड्डे पाडणाऱ्या पिंपल्ससाठी ज्या कॅप्सूल देतात त्या. हे व्हिटॅमिन ए च्या कुटुंबातलं औषध आहे. गर्भात अवयव तयार होताना कुठल्या पेशींनी कुठे जायचं, काय बनायचं याचे सिग्नल शरीर रेटिनॉइक ॲसिडनेच देत असतं, आणि ते मोजून मापून. बाहेरून त्याच जातीचं औषध भरपूर आलं की ते सिग्नल विस्कटतात, आणि कान, चेहरा, हृदय, मेंदू यांच्या घडणीत दोष येतात. हे सगळं पहिल्या काही आठवड्यांतच घडतं, म्हणजे बऱ्याचदा पाळी चुकल्याचं लक्षात यायच्या आसपासच. म्हणून या कॅप्सूल मूल राहायच्या किमान 1 महिना आधी बंद झालेल्या असायला लागतात. सोरायसिससाठी देतात ते ॲसिट्रेटिन त्याच घरातलं, पण ते शरीरात फार रेंगाळतं, त्याच्यासाठी हाच काळ 3 वर्षांचा धरतात, त्यामुळे ज्यांना पुढे मूल हवंय त्यांना शक्यतो ते देतच नाहीत.

दुसरं, डॉक्सीसायक्लिन आणि मिनोसायक्लिन. पिंपल्ससाठी ही ॲंटिबायोटिक्स महिनोन्महिने दिली जातात आणि त्यातल्या काही गोळ्या घरात उरलेल्या असतात. टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शियमला चिकटतात, त्यामुळे दुसऱ्या तिमाहीपासून बाळाचे दात आणि हाडं तयार होत असताना ती तिथे जाऊन बसू शकतात आणि दात पिवळे-तपकिरी होऊ शकतात. तिसरं, स्पायरोनोलॅक्टोन. हे खरं तर लघवी वाढवणारं, बीपीचं औषध, पण पुरुषी हार्मोन अडवतं म्हणून हनुवटीवरच्या हट्टी पिंपल्सला देतात. मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीसाठी तोच हार्मोन लागतो, म्हणून प्रेग्नन्सीत हे नको. चौथं, वांगासाठी देतात त्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या. हे रक्त गोठायला मदत करणारं औषध आहे, आणि प्रेग्नन्सीत रक्त आधीच गोठण्याकडे झुकलेलं असतं, तेव्हा नुसत्या डागांसाठी तो धोका कशाला घ्यायचा. (डिलिव्हरीनंतर जास्त रक्तस्राव झाला तर डॉक्टर हेच औषध देतात, ती गोष्ट वेगळी, तिथे घाबरून नाही म्हणू नका.)

आणि पाचवं, जे औषध म्हणून कुणी मोजतच नाही, ते म्हणजे केस, त्वचा आणि नखांसाठीच्या गोळ्या किंवा गमीज. यात व्हिटॅमिन ए असू शकतं, आणि ते रेटिनिल पाल्मिटेट किंवा रेटिनिल ॲसिटेट या नावाने लिहिलेलं असतं. तयार स्वरूपातल्या व्हिटॅमिन ए ची वरची मर्यादा दिवसाला 3,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे 10,000 आययू. एकट्या गोळीत बहुधा एवढं नसतं, पण प्रेग्नन्सीची मल्टिव्हिटॅमिन चालू, त्यात ही गमी, त्यात कुणी कॉड लिव्हर ऑइल दिलेलं, अशी बेरीज होते. बीटा कॅरोटिन लिहिलेलं असेल तर त्याची काळजी नको, शरीर त्यातून लागेल तेवढंच व्हिटॅमिन ए बनवून घेतं.

आता चेहरा, आणि इथे एक खरी केस

माझ्या मावसबहिणीने नवव्या आठवड्यात मला फोटो पाठवले, खाली मेसेज, ताई मी रेटिनॉल तर कधीच सोडलंय, मग आता एवढं का खराब झालंय, आणि आता काय लावू? मी तिला म्हटलं तू बाथरूममधलं आणि ड्रॉवरमधलं सगळं एका टेबलावर काढ आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, पुढचा नको. पुढच्या बाजूला जाहिरात असते, घटक मागे असतात.

टेबलावर निघालं ते असं: 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, पिंपल्सचं एक जेल, एक आय क्रीम, एक बॉडी लोशन, अल्फा आर्ब्युटिन आणि नायसिनामाइडचं सीरम, डागांची एक अर्धी वापरलेली ट्यूब आणि सनस्क्रीन. तिच्या मते यात रेटिनॉल कुठेच नव्हतं. प्रत्यक्षात चार वस्तूंमध्ये रेटिनॉइड निघालं.

पिंपल्सच्या जेलमध्ये ॲडापलिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड दोन्ही एकत्र होतं. ॲडापलिन हे रेटिनॉइडच आहे, फक्त नावात रेटिन ही अक्षरं नाहीत म्हणून ते सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. अशी कॉम्बिनेशन जेल बरीच असतात, क्लिंडामायसिन बरोबर ट्रेटिनॉइन, क्लिंडामायसिन बरोबर ॲडापलिन, आणि लोक म्हणतात ते तर ॲंटिबायोटिक जेल आहे. नावात रेटिन नसलेलं दुसरं म्हणजे टाझारोटिन, ते तर प्रेग्नन्सीत वापरूच नये असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं.

आय क्रीममध्ये होतं रेटिनिल पाल्मिटेट, यादीच्या अगदी शेवटी. बॉडी लोशनमध्ये सरळ रेटिनॉल, कारण हल्ली हातापायांच्या सुरकुत्यांसाठी पण ते घालायला लागलेत, आणि लोशन तर आपण आख्ख्या अंगाला फासतो. चेहऱ्यावर वाटाण्याएवढं लावणं आणि दोन्ही पायांना मूठभर लावणं यात फरक आहे, किती जागेवर लावतोय त्यावर किती आत जाणार हे ठरतं. चौथी वस्तू म्हणजे ती डागांची ट्यूब, तिच्यावर खाली वेगळं लिहिते कारण खरा त्रास तिच्यामुळेच चालू होता.

लेबल वाचायची सोपी पद्धत अशी की यादीत इंग्रजी आर, ई, टी, आय, एन ही पाच अक्षरं सलग कुठेही दिसली की थांबायचं. रेटिनॉल, रेटिनाल, रेटिनाल्डिहाइड, रेटिनिल पाल्मिटेट, रेटिनिल प्रोपिओनेट, ट्रेटिनॉइन, आणि ते लांबलचक हायड्रॉक्सीपिनाकोलोन रेटिनोएट, सगळे यात पकडले जातात. ते शेवटचं नाव बघा कारण ते सौम्य रेटिनॉइड म्हणून विकलं जातं, आणि सौम्य म्हणजे त्वचा कमी जळते एवढंच, प्रेग्नन्सीशी त्याचा संबंध नाही. या पाच अक्षरांशिवाय ॲडापलिन, टाझारोटिन आणि ट्रायफॅरोटिन ही तीन नावं पाठ करायची.

आता कुणी विचारेल की तूच म्हणालीस लावलेलं फार आत जात नाही, मग बंद तरी का करायचं? कारण पिंपल्स आणि सुरकुत्या हे थांबू शकणारे प्रश्न आहेत, त्यांच्यासाठी दुसरे पर्याय आहेत, आणि गोळीतून धोका पक्का सिद्ध झालेला घटक त्या नऊ महिन्यांत उगीच चेहऱ्यावर ठेवायचं काही कारण नाही. युरोपात 2018 साली औषध नियंत्रकांनी लावायच्या रेटिनॉइड औषधांनाही प्रेग्नन्सीत मनाई केली ती याच विचाराने. बकुचिओलबद्दल नेहमी विचारतात. ते वनस्पतीतून मिळतं आणि व्हिटॅमिन ए नाही, पण प्रेग्नन्सीत त्याचा नीट अभ्यास झालेला नाही, त्यामुळे रेटिनॉलच्या जागी सेफ म्हणून ते घ्याच असं मी तरी म्हणणार नाही. सुरकुत्यांसाठी या काळात सनस्क्रीन, व्हिटॅमिन सी आणि साधं मॉइश्चरायझर एवढं पुरे.

डागांची ट्यूब, जी परत परत हातात येते

वांगासाठी तीन औषधं एकत्र असलेली क्रीम फार वापरली जाते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. म्हणजे एका ट्यूबमध्ये तीन वेगवेगळे प्रश्न.

त्यातलं हायड्रोक्विनोन हे लावायच्या बाकीच्या घटकांपेक्षा वेगळं पडतं, कारण ते त्वचेतून खूप जास्त आत जातं, लावलेल्यापैकी साधारण 35 ते 45 टक्के. बाकीचे घटक बरेचसे एक आकडी टक्क्यांतच राहतात. त्यामुळे बाळाला अमुक एक व्यंग होतं असं सिद्ध झालेलं नाही, तरी एवढं रक्तात जाणारी गोष्ट फक्त डागांसाठी नको असंच सगळे सांगतात. शिवाय उपयोगही कमी, कारण वांग ज्या हार्मोनमुळे येतंय ते तर अजून चढतेच आहेत, इकडे फिकं करायचं आणि तिकडे ते पुन्हा गडद होणार. अल्फा आर्ब्युटिन म्हणजे हायड्रोक्विनोनला साखरेचा रेणू जोडलेला, ते बरंच सौम्य आहे, पण त्याच्याकडे वेगळा असा सेफ्टीचा डेटा नाही, म्हणून मी ते पण बाजूला ठेवायला सांगते. कोजिक ॲसिडचा सुद्धा अभ्यास थोडाच आहे, थांबता येत असेल तर थांबा.

स्टिरॉइडचं मात्र नीट समजून घ्या. स्टिरॉइड म्हटलं की सगळंच वाईट असं नाही, खाजेसाठी डॉक्टरांनी दिलेली हलकी किंवा मध्यम ताकदीची क्रीम थोड्या दिवसांसाठी चालते. काळजी असते ती खूप स्ट्रॉंग क्रीम मोठ्या प्रमाणात वापरल्याची, आख्ख्या प्रेग्नन्सीत मिळून 300 ग्रॅमच्या वर गेलं तर बाळाचं वजन कमी भरण्याशी संबंध दिसलाय. चेहऱ्यावर एवढं कुणी लावत नाही. चेहऱ्यावरचा खरा त्रास वेगळा आहे आणि इथेच सगळ्या जणी अडकतात.

माझ्या बहिणीने ही ट्यूब काही महिने रोज लावली होती, दिवस गेल्यावर बंद केली. बंद केल्यावर आठवड्याभरात चेहरा लाल, जळजळ, बारीक बारीक पुरळ. तिला वाटलं प्रेग्नन्सीचे पिंपल्स. मग राहवेना म्हणून दोन दिवस लावली, चेहरा शांत झाला, मग परत भीती वाटून बंद, परत लाल. हे प्रेग्नन्सीचे पिंपल्स नव्हतेच, ही स्टिरॉइड सुटल्याची प्रतिक्रिया होती, आणि दरवेळी ट्यूब लावली की ते चक्र पहिल्यापासून सुरू व्हायचं.

कसं ओळखायचं? स्टिरॉइड सुटल्यावरचं पुरळ हे साधारण एकसारख्या आकाराचं, बारीक, आणि जिथे जिथे क्रीम लावत होतो बरोबर तिथेच येतं, सोबत लाली आणि जळजळ, पाणी लागलं तरी चुरचुरतं. हार्मोनचे पिंपल्स बहुतेक हनुवटी, जबडा, कधी मानेवर, लहान-मोठे, काही आत गाठीसारखे, दुखरे, आणि त्यात काळी-पांढरी डोकी पण सापडतात. वांग म्हणजे नुसता तपकिरी रंग, दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर साधारण सारखा, न खाजणारा न जळणारा. बहिणीच्या चेहऱ्यावर तिन्ही होतं, म्हणून एकाच क्रीमने काही जमत नव्हतं. अशी लाली असेल तर स्वतःच्या मनाने काही करू नका, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, कारण कधी कधी ते क्रीम सोडवताना मधे काहीतरी सौम्य औषध देतात. तोपर्यंत साधा सौम्य क्लीन्झर, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी सगळे ॲसिड, सीरम बंद. शांत व्हायला आठवडे लागतात, आणि पहिले दिवस जास्त वाईट दिसतात, हे आधीच माहीत असलं म्हणजे हात परत ट्यूबकडे जात नाही.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल एक मुद्दा, आणि याच्यावर मी अजिबात तडजोड करत नाही. लेबलवर घटकच नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आणि आठवड्यात रंग उजळतो, अशी क्रीम असेल तर त्यात पारा असू शकतो. लेबल असलंच तर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक, मर्क्युरिओ असे शब्द शोधा, किंवा चांदी, सोनं, ॲल्युमिनियम यांच्यापासून लांब ठेवा अशी सूचना असेल तरी तीच खूण. पारा नाळेतून बाळापर्यंत जातो, दुधातूनही जातो, मूत्रपिंडं आणि मज्जासंस्था बिघडवतो, आणि घरात ती क्रीम दुसरं कुणी लावत असलं तरी टॉवेल, उशी, हात यांच्यावरून तो पसरतो. ही क्रीम पूर्ण घरातून बाहेर गेली पाहिजे, आणि वापरली असेल तर डॉक्टरांना सांगून रक्ताची किंवा लघवीची तपासणी करून घ्या.

जे उगीच बदनाम झालंय

बहिणीने घाबरून तो 2 टक्के सॅलिसिलिकचा फेसवॉश पण फेकायला काढला होता. त्याची गरज नव्हती. सॅलिसिलिक ॲसिड ॲस्पिरिनच्या नात्यातलं आहे म्हणून भीती आली, पण मुद्दा टक्के आणि जागेचा आहे. 2 टक्क्यांपर्यंतचं, चेहऱ्यापुरतं, त्यातून धुवून टाकायचं, हे ठीक धरतात. पार्लर किंवा क्लिनिकमध्ये करतात ते 20-30 टक्क्यांचं सॅलिसिलिक पील नको, आणि पूर्ण पाठीला, पायांना लावून वर कपडा किंवा प्लॅस्टिक गुंडाळणं नको, कारण झाकल्यावर शोषण वाढतं. आणि हो, डॉक्टरांनी बीपीसाठी कमी डोसची ॲस्पिरिनची गोळी दिली असेल तर ती या सगळ्यात चुकून बंद करू नका, तिचा हिशोब वेगळा.

ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिड घरच्या वापराच्या कमी टक्क्यांत चालतं, स्ट्रॉंग पील नंतर बघा. प्रेग्नन्सीत त्वचा लवकर काळवंडते, पीलने जरा जळली तरी तिथे डाग राहून जातो, त्यामुळे बाळाचा विचार सोडला तरी ते तोट्याचंच आहे. नायसिनामाइड आणि व्हिटॅमिन सी खुशाल वापरा.

मग लावायचं काय

लाली शांत झाल्यावर बहिणीला तिच्या डॉक्टरांशी बोलून जे ठरलं ते असं. सकाळी सौम्य फेसवॉश, नायसिनामाइड, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री ॲझेलाइक ॲसिड. पिंपल्स असतील तिथे 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड.

ॲझेलाइक ॲसिड हे या काळातलं माझं सगळ्यात आवडतं औषध, कारण ते पिंपल्सवर आणि डागांवर दोन्हीवर चालतं, लावलेल्यातलं साधारण 4 टक्केच आत जातं, आणि गहू, बार्लीसारख्या धान्यांतून ते आपल्या खाण्यात तसंही असतं. 10 ते 20 टक्क्यांचं मिळतं. पण लोक ते आठवड्याभरात सोडतात, कारण लावल्यावर मुंग्या आल्यासारखं चुरचुरतं, खाजतं. हे पहिल्या दोनेक आठवड्यांत नॉर्मल आहे. एक दिवसाआड सुरू करा, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावा, वाटलं तर आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर हे. चुरचुर पंधरा-वीस मिनिटांत ओसरत असेल तर चालू ठेवा, तासभर लाली राहिली किंवा सूज आली तर थांबा. पिंपल्सचा फरक कळायला 8 ते 12 आठवडे द्यायचेच, डागांना त्याहून जास्त.

बेंझॉइल पेरॉक्साइड आत थोडंसंच जातं आणि त्याचं बेंझॉइक ॲसिड होऊन लघवीवाटे निघून जातं. 2.5 टक्के घेतलं तरी 10 टक्क्यांइतकाच फायदा होतो, कोरडेपणा मात्र कमी, म्हणून उगाच स्ट्रॉंग घेऊ नका. उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे ठेवा, रंगीत कपड्यावर डाग पडून ते पांढुरके होतात. याने भागलं नाही तर डॉक्टर क्लिंडामायसिनचं साधं जेल देऊ शकतात, फक्त घेताना ट्यूबवर दुसरं नाव जोडलेलं नाही ना ते बघा, तेच मघाचं ॲडापलिन आणि ट्रेटिनॉइन.

वांगासाठी सनस्क्रीन हेच मुख्य औषध आहे, आणि तिथे एक बारीक गोष्ट आहे. वांग नुसत्या यूव्ही किरणांनी नाही, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाने पण गडद होतं, आणि साध्या पारदर्शक सनस्क्रीनने तो उजेड अडत नाही. तो अडतो आयर्न ऑक्साइडने, म्हणजे रंग असलेल्या टिंटेड सनस्क्रीनने. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं, वर टिंटेड, असं मिळालं तर सगळ्यात बरं, कारण हे खनिज घटक त्वचेवरच राहतात. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत.

चार महिन्यांनी बहिणीचा फोटो आला त्यात लाली पूर्ण गेलेली, पिंपल्स एक-दोन, वांग होतंच पण वाढलेलं नव्हतं. प्रेग्नन्सीत वांग वाढलं नाही हाच चांगला रिझल्ट समजायचा. डिलिव्हरीनंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचं ते आपोआप फिकं होतं, उरेल त्याच्यावर नंतर इलाज करता येतो.

अंगावर पाजताना काय बदलतं

इथे यादी बरीच सैल होते, पण सगळी नाही. आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल दूध चालू असेपर्यंत नाहीच. डॉक्सीसायक्लिन 3 आठवड्यांपर्यंतच्या छोट्या कोर्सला चालवून घेतात, पण पिंपल्सचे कोर्स महिनोन्महिने चालतात, त्यासाठी नको. स्पायरोनोलॅक्टोन दुधातून फार कमी जातं, ते डॉक्टर ठरवून देऊ शकतात. ट्रॅनेक्झामिकच्या गोळ्या वांगासाठी अजून थांबवा, डिलिव्हरीनंतरचे आठवडे रक्ताची गुठळी होण्याच्या दृष्टीने जास्त जोखमीचे असतात. हायड्रोक्विनोन दूध तुटल्यावर. पाऱ्याची क्रीम कधीच नाही.

चेहऱ्यावर लावायचं ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलिन याबद्दल डॉक्टरांमध्ये दोन मतं ऐकायला मिळतील. रक्तातच इतकं कमी जातं की दुधात पोचण्यासारखं फार काही उरत नाही, म्हणून बरेच जण हो म्हणतात, काही जण सावधगिरी म्हणून थांबवतात. माझ्या मते या काळात दुधापेक्षा बाळाच्या त्वचेला थेट लागण्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. बाळ गाल आपल्या गालाला घासतं, छातीवर झोपतं, आपली हनुवटी तोंडात घालायला बघतं. त्यामुळे रात्रीचं पाजून झाल्यावर लावा, लावल्यावर हात साबणाने धुवा, छातीवर, स्तनांवर, मानेच्या खालच्या भागात लावू नका, आणि त्या रात्री बाळ चेहऱ्याला चेहरा लावून झोपणार असेल तर त्या दिवशी नाही लावलं तरी चालेल. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲसिड यांनाही हेच लागू. पाठीवर, खांद्यांवर पिंपल्सचं औषध लावत असाल तर वर सुती कपडा येऊ द्या मगच बाळाला घ्या.

रेटिनॉइड परत सुरू करायचं असेल तर एकदम जुन्या ताकदीला जाऊ नका, त्वचेची सवय मोडलेली असते, आठवड्यातून दोन रात्री कमी टक्क्यांपासून सुरू करा. आणि दूध चालू आहे, पाळी आलेली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं धरून चालू नका, पहिली पाळी यायच्या आधीच अंडं बाहेर पडू शकतं आणि त्यातच परत दिवस राहू शकतात. त्यामुळे रेटिनॉइडची क्रीम असो की दूध तुटल्यावर सुरू केलेल्या कॅप्सूल असोत, गर्भनिरोधकाचं आधी डॉक्टरांशी ठरवून घ्या, मग ट्यूब उघडा, आणि कॅप्सूलच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगितली तर ती टाळू नका.